ट्रिप्टोफॅन काढून टाकला तरी ट्रिप ऑपेरॉनचं अटेन्युएशन सुटत नाही, असं परत परत होतंय? आधी हे तपासा

आमच्या लॅबमध्ये हा प्रॉब्लेम दर वर्षी कोणाला तरी येतोच, आणि मला स्वतःला तो सलग तीन वेळा तीन वेगळ्या कारणांनी आला, त्यात जवळपास चार महिने गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लक्षण असं: ई. कोलायचा ट्रिप-आर नसलेला स्ट्रेन घ्यायचा, म्हणजे रिप्रेसरची भानगडच नको, जे काही दिसेल ते फक्त अटेन्युएशनमुळे दिसेल. ट्रिप प्रमोटर आणि लीडर पूर्ण घेऊन पुढे लॅक-झेड जोडायचा, सेल्स धुवून मिनिमल मीडियममध्ये ट्रिप्टोफॅनशिवाय टाकायचे, आणि बीटा-गॅल मोजायचं. पुस्तकाप्रमाणे ट्रिप्टोफॅन नाही म्हणजे रायबोझोम अडकणार, अँटिटर्मिनेटर बनणार, रीडथ्रू वाढणार, आकडा सहा ते दहापट वर जाणार. आणि आकडा हलत नाही. ट्रिप्टोफॅन घातलेल्या फ्लास्कमध्ये जेवढं, तेवढंच न घातलेल्यात. मग माणूस प्लाझ्मिड परत सिक्वेन्स करतो, सगळं बरोबर निघतं, आणि डोकं चालेनासं होतं.

मूळ चूक विचारात आहे, पिपेटिंगमध्ये नाही. आपण मनात धरून चालतो की ही सिस्टम "मीडियममध्ये ट्रिप्टोफॅन आहे का" हे बघते. ती तसं काही बघत नाही. ती बघते की लीडरमधल्या दोन ट्रिप्टोफॅन कोडॉनवर रायबोझोमला किती वेळ थांबावं लागतं, आणि तो वेळ ठरतो ट्रिप्टोफॅन लावलेला टीआरएनए किती शिल्लक आहे त्यावर. ही गोष्ट नीट डोक्यात बसली की पुढचं सगळं ट्रबलशूटिंग आपोआप सुचतं, म्हणून आधी तेवढं बघू.

लीडर पेप्टाइडचा भाग हा असा आहे:

```
AUG AAA GCA AUU UUC GUA CUG AAA GGU UGG UGG CGC ACU UCC UGA
 M   K   A   I   F   V   L   K   G   W   W   R   T   S  stop
```

चौदा अमिनो आम्लं, त्यात दहावं आणि अकरावं ट्रिप्टोफॅन. आरएनएच्या पहिल्या बेसपासून मोजलं तर AUG सत्ताविसाव्या बेसवर सुरू होतो, दोन UGG ५४ ते ५९ वर येतात आणि स्टॉप कोडॉन ६९ ते ७१ वर. त्याच आरएनएमध्ये चार तुकडे एकमेकांशी जोड्या लावू शकतात. एक नंबरचा आणि दोन नंबरचा जुळले तर पॉलिमरेजला थोडं थांबवणारं हेअरपिन, दोन-तीन जुळले तर अँटिटर्मिनेटर, तीन-चार जुळले तर टर्मिनेटर, म्हणजे AGCCCGC आणि GCGGGCU चा घट्ट देठ आणि मागे U ची रांग. पॉलिमरेज तिथेच, साधारण १४० बेसवर, आरएनए सोडून देतं. ट्रिप-ई चा स्टार्ट कोडॉन १६२ बेस झाल्यावर येतो, म्हणजे निर्णय जीनच्या आधीच झालेला असतो.

आता वेळेचा हिशोब करू, कारण सगळी गंमत तिथे आहे. पॉलिमरेज साधारण सेकंदाला ४० ते ५० बेस पुढे जातं, आणि चांगल्या वाढीत रायबोझोम सेकंदाला पंधराएक कोडॉन, म्हणजे पुन्हा ४५ बेस. दोघांचा वेग जवळपास सारखा. पॉलिमरेज ९२ बेसच्या आसपास पोचलं की एक-दोनचं हेअरपिन बनतं आणि ते तिथे थबकतं, मागून रायबोझोम येतो, हेअरपिन उकलतो आणि पॉलिमरेज सुटतं. ही थांबण्याची जागा नसती तर रायबोझोम चढायच्या आधीच पॉलिमरेज टर्मिनेटर ओलांडून गेलं असतं आणि भाषांतराच्या वेगाचा काही संबंधच उरला नसता. थबकण्यामुळे दोघं एका रेषेत येतात, आणि तिथून शर्यत सुरू होते.

९२ पासून टर्मिनेटरच्या देठापर्यंत, म्हणजे १३४ पर्यंत, चाळीसेक बेस. पॉलिमरेजला त्याला साधारण एक सेकंद लागतो. रायबोझोमला एका कोडॉनला नॉर्मली ०.०७ सेकंद. म्हणजे अँटिटर्मिनेटर बनायचा असेल तर रायबोझोम UGG वर सुमारे एक सेकंद तरी बसून राहिला पाहिजे, दोन कोडॉन मिळून. त्याने एक नंबरचा तुकडा झाकून ठेवला की दोन मोकळा राहतो, तीन बाहेर आल्याबरोबर दोन-तीन जुळतात आणि चारला जोडीदार उरत नाही. पण ट्रिप्टोफॅनवाला टीआरएनए निम्म्यावर आला तर काय होईल? ०.०७ चे फार तर ०.१४ होतील. दोन्ही कोडॉन मिळून पाव सेकंदच, तेवढ्यात रायबोझोम स्टॉप कोडॉनवर पोचतो, दोन नंबरचा तुकडा झाकतो आणि तीन-चार जुळून टर्मिनेशन होतं. हा हिशोब ढोबळ आहे, आत प्रत्यक्षात सरासरीभोवती बरीच चढउतार असते, पण मुद्दा स्पष्ट होतो: वेग थोडा कमी होऊन भागत नाही, कित्येक पट कमी व्हावा लागतो. म्हणूनच ट्रिप्टोफॅन कमी व्हायला लागला की आधी रिप्रेसर सुटतो आणि अटेन्युएशन अगदी शेवटी, खरी उपासमार झाल्यावर. चार्ल्स यानोफ्स्की यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबने १९८४ साली नेमकं हेच मोजून दाखवलं होतं. सुरुवातही त्यांच्याकडचीच, १९७३ मध्ये ऑपरेटर आणि पहिल्या जीनच्या मधला तुकडा उडवल्यावर ट्रिप-आर नसलेल्या स्ट्रेनमध्येसुद्धा एक्सप्रेशन वाढलं, तेव्हा कळलं की रिप्रेसरशिवाय आणखी काहीतरी आहे.

आता माझा पहिला फसलेला प्रयोग बघा. ट्रिप-आर नाही, पण बाकी ऑपेरॉन शाबूत. म्हणजे ट्रिप्टोफॅन बनवणारे सगळे एन्झाइम भरपूर बनतायत, कारण त्यांना रोखणारा रिप्रेसरच काढून टाकलाय! मीडियममधून ट्रिप्टोफॅन काढला तर काय फरक पडणार, सेल स्वतःच हवा तेवढा बनवतो, टीआरएनए भरलेलाच राहतो, रायबोझोम UGG वर थांबतच नाही. मी "उपाशी" म्हणत होतो तो फ्लास्क पोट भरून बसलेला होता. वाइल्ड टाइपमध्येही मिनिमल मीडियम म्हणजे उपासमार नव्हे, हे लिहून ठेवा. ओळखायचं कसं? वाढीचा वेग बघा. ट्रिप्टोफॅन घातलेल्या आणि न घातलेल्या फ्लास्कचा डबलिंग टाइम सारखाच असेल तर टीआरएनए रिकामा झालेला नाही, पुढचं काही मोजायची गरजच नाही.

मग मी ट्रिप-ई निकामी केलेला ऑक्झोट्रॉफ घेतला. आता स्वतःला बनवता येणार नाही, घ्या उपासमार. दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही दिसायला गोंधळाच्या होत्या. पहिली म्हणजे धुतल्यानंतरही सेल्स बराच वेळ वाढत राहिले. कारण रात्रभर वाढवलेलं कल्चर एलबीमध्ये होतं, एलबीत ई. कोलाय ट्रिप्टोफॅन तोडून इंडोल बाहेर टाकतो, आणि ट्रिप-ई नसला तरी ट्रिप-बी शाबूत असेल तर तेच इंडोल सेरीनशी जोडून पुन्हा ट्रिप्टोफॅन बनतो. एकदा घाईघाईत धुतलेल्या सेल्समध्ये एवढं इंडोल उरू शकतं. तुमचा ऑक्झोट्रॉफ ट्रिप-ई, डी किंवा सी चा असेल तर ही शक्यता कायम डोक्यात ठेवा आणि प्रीकल्चर एलबीत करूच नका.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. उपासमार खरोखर सुरू झाली आणि बीटा-गॅल वाढायच्या ऐवजी खाली गेलं. मी आठवडाभर तो निकाल उलटा वाचत होतो, म्हणजे अटेन्युएशन वाढलं असं समजून. पण साधा विचार करा, बीटा-गॅल हे स्वतः प्रोटीन आहे, मोठं आहे, आणि त्यात भरपूर ट्रिप्टोफॅन आहेत. ट्रिप्टोफॅनचा टीआरएनए संपलाय तर लीडरमध्ये रायबोझोम अडकेल तसाच तो लॅक-झेडमध्येही जागोजागी अडकेल. मेसेज कितीही बनो, एन्झाइम बनणार नाही. ट्रिप ऑपेरॉनच्या एन्झाइममध्ये ट्रिप्टोफॅन फारच कमी असतात, ट्रिप-ए मध्ये तर एकही नाही, म्हणजे सेलने स्वतःची सोय करून ठेवली आहे. आपल्या रिपोर्टरची तशी सोय नसते. पूर्ण उपासमारीत एन्झाइम मोजून रीडथ्रू कळत नाही, आरएनएच मोजावा लागतो.

तर आरएनए मोजला. दोन अँप्लिकॉन: एक लीडरमधला, जो थांबलेल्या आणि पुढे गेलेल्या दोन्ही मेसेजमध्ये असतो, आणि एक ट्रिप-ई च्या सुरुवातीचा, जो फक्त पुढे गेलेल्यात असतो. दोघांचं गुणोत्तर म्हणजे अंदाजे रीडथ्रू. आणि गुणोत्तर आलं जवळपास एक, प्रत्येक कंडिशनमध्ये, अगदी भरपूर ट्रिप्टोफॅनमध्येसुद्धा. जणू अटेन्युएशन नावाची गोष्टच नाही.

याचं कारण कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण ते किटच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. सिलिकाचे नेहमीचे आरएनए कॉलम साधारण २०० बेसपेक्षा लहान आरएनए धरत नाहीत, तो धुण्यात निघून जातो. आणि आपला थांबलेला मेसेज केवढा? १४० बेस. म्हणजे जे मोजायचं होतं तेच मी दर वेळी वॉशबरोबर फेकून देत होतो, मागे राहत होते फक्त पुढे गेलेले लांब मेसेज, मग गुणोत्तर एकच येणार. फिनॉलने काढा आणि इथेनॉलने प्रेसिपिटेट करा, किंवा लहान आरएनए धरणारी वेगळी पद्धत वापरा. गुणोत्तर एक येण्याचं दुसरं कारण म्हणजे डीएनए उरलेला असणं, कारण डीएनएमध्ये दोन्ही भाग सारखेच असतात, तेव्हा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल प्रत्येक सँपलला लावा, फक्त एकाला लावून चालत नाही.

शेवटी जे चाललं ते असं. स्ट्रेन ट्रिप-आर नसलेला आणि ट्रिप-बी मध्ये म्युटेशन असलेला. ट्रिप-बी गेल्यामुळे इंडोल उपयोगी पडत नाही, आणि ऑपेरॉनचा लीडर आणि ट्रिप-ई जागेवर शाबूत आहेत म्हणून वेगळा रिपोर्टर लागतच नाही. उलट वेगळा रिपोर्टर ठेवलात तर लीडर दोन ठिकाणी होतो, लीडरचा अँप्लिकॉन दोन्हीकडचा मोजतो आणि गुणोत्तर चुकतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

मीडियम मिनिमल, ग्लुकोज, वर आम्लाने तोडलेले कॅसअमिनो. आम्लाने हायड्रोलिसिस करताना ट्रिप्टोफॅन नष्ट होतो, म्हणून बाकी जवळपास सगळं मिळतं आणि हा मिळत नाही. बाकीचं मिळणं महत्त्वाचं आहे, कारण लीडरमध्ये बाराव्या जागी आर्जिनीन आहे आणि आर्जिनीनची उपासमारसुद्धा अटेन्युएशन काही प्रमाणात सोडवते, तेव्हा कोणती उपासमार बघतोय यात संशय नको.

ट्रिप्टोफॅन एकदम शून्य करण्यापेक्षा मोजून द्या. ई. कोलायला एक ओडी वाढायला ट्रिप्टोफॅन ढोबळमानाने मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅम लागतो, म्हणून २ मायक्रोग्रॅम घातला की कल्चर ०.५ ओडीच्या आसपास थांबतं. ०.३ ला एक सँपल घ्या, मग वाढ मंदावताना आणि थांबल्यावर दर पाच मिनिटांनी. शेजारी ५० मायक्रोग्रॅमचा फ्लास्क ठेवा. वाढ कधी वाकते ते ग्राफवर दिसलं पाहिजे, कारण गुणोत्तर त्या वळणाजवळच हलतं. लवकर घेतलेलं सँपल आणि दुसऱ्या दिवशी घेतलेलं सँपल, दोन्ही काही सांगत नाहीत.

सँपल घेताना सेंट्रिफ्यूज करू नका. निर्णय सेकंदात होतो, मेसेजचं आयुष्य काही मिनिटांचं असतं, आणि तुम्ही दहा मिनिटं ट्यूब फिरवताय म्हणजे तुम्ही फिरणाऱ्या ट्यूबमधली परिस्थिती मोजताय. पाच टक्के फिनॉल घातलेलं बर्फगार इथेनॉल आधीच ट्यूबमध्ये ठेवा आणि कल्चर थेट त्यात टाका, मग निवांत फिरवा.

प्रायमर बाबतीत एकच सांगतो, लीडरचा रिव्हर्स प्रायमर टर्मिनेटरच्या देठावर ठेवू नका, तो तिथे धड बसतच नाही. ८५ ते १०७ च्या पट्ट्यात ठेवा आणि उष्णता सहन करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ५० अंशांच्या वर चालवा. ट्रिप-ई चा अँप्लिकॉन जीनच्या अगदी सुरुवातीजवळ हवा. लांब ठेवला तर उपासमारीत अडकलेल्या रायबोझोमच्या पुढचा मेसेज उघडा पडतो, तिथे र्‍हो येऊन ट्रान्सक्रिप्शन तोडतं आणि रीडथ्रू आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दोन्ही अँप्लिकॉनची कार्यक्षमता जिनॉमिक डीएनएवर तपासून घ्या, तिथे दोन्ही एकास एक असतात म्हणून गुणोत्तर एकच यायला हवं.

आकडेमोड सोपी आहे:

```
readthrough = 2^-(Ct_trpE - Ct_leader)
```

समजा ५० मायक्रोग्रॅमच्या फ्लास्कमध्ये फरक ३.२ आला, तर २ चा उणे ३.२ घात म्हणजे ०.११, शंभरातले अकरा मेसेज पुढे गेले. वाढ थांबल्यावर फरक ०.६ आला तर ०.६६. म्हणजे सहापट, जशी अपेक्षा असते तशी. फक्त हे लक्षात असू द्या की १४० बेसचा तुकडा आणि ट्रिप-ई चा मेसेज सारख्याच वेगाने नष्ट होतात असं नाही, त्यामुळे ०.११ ला अगदी अकरा टक्के रीडथ्रू म्हणू नका. एकाच स्ट्रेनच्या दोन कंडिशनची तुलना मात्र करता येते.

आणि एक कंट्रोल ज्याच्याशिवाय मी आता कोणाचाही निकाल मान्य करत नाही: लीडरचा AUG बदलून AUA केलेला स्ट्रेन. इथे खूप जण अडखळतात. त्यांना वाटतं भाषांतर बंद म्हणजे ट्रान्सक्रिप्शन चालू, तर मग स्टार्ट कोडॉन मोडला की ऑपेरॉन कायम उघडा राहील. उलट होतं. रायबोझोम आलाच नाही तर एक आणि दोन मोकळे राहतात, ते एकमेकांशी जुळतात, मग तीनला चारच उरतो आणि टर्मिनेटर बनतो. अँटिटर्मिनेटरला रायबोझोम लागतोच, आणि तो बरोबर UGG वर अडकलेला लागतो. त्याच्या अलीकडे, सुरुवातीलाच अडकला तरी टर्मिनेशन, पुढे स्टॉपवर पोचला तरी टर्मिनेशन. फक्त शुद्ध पॉलिमरेज आणि डीएनए घेऊन ट्यूबमध्ये ट्रान्सक्रिप्शन केलं की ट्रिप्टोफॅन घाला नाहीतर नका घालू, बहुतेक मेसेज लीडरमध्येच थांबतात, त्याचंही कारण हेच. तेव्हा AUA स्ट्रेनमध्ये उपासमारीत गुणोत्तर वाढता कामा नये. त्यातही वाढलं तर तुम्ही जे बघताय ते अटेन्युएशन नाही, मेसेजच्या टिकण्यात काहीतरी बदललंय किंवा मोजण्यात गडबड आहे.

UGG बदलून दुसरे कोडॉन टाकायचा मोह होतो, कंट्रोल म्हणून. मी टाळतो, कारण ते बेस एक नंबरच्या तुकड्यात येतात, ते बदलले की एक-दोनची जोडीही बदलते आणि पॉलिमरेजचं थबकणंही, मग नक्की कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही.

इंडोल-ऍक्रिलिक ऍसिड घालून उपासमार करण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. ते रिप्रेसरलाही निकामी करतं आणि टीआरएनएवर ट्रिप्टोफॅन चढवण्यातही अडथळा आणतं, म्हणून रिप्रेसर असलेल्या स्ट्रेनमध्ये वापरलंत तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येणार नाही. ट्रिप-आर नसलेल्यात वापरता येईल, पण मोजून दिलेल्या ट्रिप्टोफॅनचं वळण मला जास्त स्वच्छ वाटतं.

हे सगळं ई. कोलाय आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांसाठी. बॅसिलस सबटिलिसवर काम करत असाल तर यातलं मोजमापाचं चालेल, यंत्रणेचं नाही. तिथे ट्रिप लीडरवर रायबोझोमची शर्यत नसते, ११ उपघटकांचं ट्रॅप नावाचं प्रोटीन ट्रिप्टोफॅन धरून थेट आरएनएला गुंडाळतं, म्हणून तिथे AUA सारखा कंट्रोल शोधत बसू नका. आणि ई. कोलायच्याच हिस्टिडीन ऑपेरॉनवर असाल तर हीच पद्धत जशीच्या तशी लावा, फक्त त्या लीडरमध्ये सलग सात हिस्टिडीन आहेत, प्रत्येक कोडॉनवर थोडं थोडं थांबलं तरी बेरीज मोठी होते. अँप्लिकॉन त्या लीडरच्या नकाशाप्रमाणे नव्याने आखावे लागतील.

तुमच्याकडे गुणोत्तर अजूनही एकाच्या आसपास असेल तर प्रश्न विचारताना तीन गोष्टी सोबत द्या: आरएनए कशाने काढला, वाढीचा ग्राफ, आणि जिनॉमिक डीएनएवर आलेलं गुणोत्तर. निम्म्या वेळा कॉलमच निघतो.